दुधात लिंबू, केळ्यात कापूर : मूळव्याधीच्या फॉरवर्डना काय उत्तर द्यावं

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारे मूळव्याधीचे उपाय एकाच साच्यातले असतात. वर ‘ऑपरेशन करू नका’, मध्ये स्वयंपाकघरातली किंवा देवघरातली एखादी वस्तू, खाली ‘एका दिवसात रक्त बंद, तीन दिवसांत मुळापासून बरी’ आणि शेवटी पुढे पाठवण्याची विनंती. मधुमेहाच्या किंवा गुडघेदुखीच्या फॉरवर्डवर निदान चर्चा तरी होते. कुणी म्हणतं, मी करून पाहिलं, काही फरक पडला नाही. मूळव्याधीच्या मेसेजखाली हात जोडल्याच्या चित्रापलीकडे काही येत नाही, कारण ‘मला संडासच्या वेळी रक्त जातं’ असं सासू-सून-दीर-भाचे सगळे असलेल्या ग्रुपवर कोण लिहिणार? उपाय मात्र गुपचूप करून पाहिले जातात. म्हणून अशा मेसेजला उत्तर द्यायचं तर ते पाठवणाऱ्याला उद्देशून असून भागत नाही. जो काहीच बोलत नाही आणि उद्या सकाळी तो उपाय करणार आहे, त्याच्यापर्यंत ते पोचायला हवं.

सर्वांत जास्त फिरणारा उपाय दूध-लिंबाचा. कपभर दूध, त्यात अर्धं लिंबू पिळायचं आणि फाटायच्या आत गटकन प्यायचं. सगळी जादू म्हणे त्या ‘फाटायच्या आत’मध्ये आहे. पण दूध पोटात गेलं की फाटणारच. आपल्या जठरातलं आम्ल लिंबापेक्षा कमी तीव्र नसतं आणि दुधातलं केसीन त्यात साकळतं; आईच्या दुधावरच्या बाळाच्या पोटातही हेच होतं. लिंबू पिळल्यानं हे काम अर्धा मिनिट आधी होतं, इतकंच. गुदद्वाराजवळच्या फुगलेल्या शिरांपर्यंत त्यातलं काही औषध म्हणून पोचत नाही. दुसरा उपाय नारळाच्या शेंडीच्या राखेचा. शेंडी जाळून, राख चाळून, ताकातून दिवसातून तीनदा. राख म्हणजे मुख्यतः पोटॅशियमचे क्षार. धडधाकट माणसाला चिमूटभर राखेनं काही होणार नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या शरीरात मात्र पोटॅशियम आधीच साचत असतं, आणि त्याला ही भर नको असते. अंगठ्या, खडे, कमरेला बांधायची मुळी यांच्याबद्दल इथं लिहायचं काही कारण दिसत नाही.

हे उपाय ‘लागू पडले’ असं माणसं शपथेवर सांगतात आणि ती खोटं बोलत नसतात. याचं कारण उपायात नाही, आजाराच्या चालीत आहे. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. दार घट्ट मिटायला त्यांची मदत होते. वर्षानुवर्षं कुंथल्यानं, गरोदरपणात किंवा वयानं त्यांना धरून ठेवणारे धागे सैल पडतात, गाद्या खाली घसरतात, फुगतात. मग कडक मळ घासून गेला की त्यातून लालभडक रक्त येतं. हे रक्त सलग महिनोन्‌महिने येत नाही. चार दिवस येतं, आपोआप थांबतं, तीन आठवड्यांनी पुन्हा येतं. बाहेरच्या शिरेत रक्त गोठून जो निळसर, ठणकणारा मोड एका रात्रीत उगवतो, त्याची वेदना पहिल्या दोन दिवसांत शिगेला पोचते आणि आठ-दहा दिवसांत बहुधा स्वतःहून उतरते. माणूस उपाय कधी शोधतो? त्रास सर्वांत जास्त असतो तेव्हा. म्हणजे नेमका त्रास उतरणीला लागायच्या तोंडावर. त्या दिवशी दूध-लिंबू प्या, राख खा किंवा काहीच करू नका, तिसऱ्या दिवशी बरंच वाटणार. श्रेय लिंबाला जातं. तीन आठवड्यांनी रक्त परत आलं की दोष लिंबाला जात नाही, लग्नातल्या तिखट रश्श्याला जातो.

तिखटाचा विषय निघालाच आहे तर त्याचंही पाहू. मिरचीनं मूळव्याध होते किंवा वाढते, हे आपल्याकडे सिद्ध झाल्यासारखंच बोललं जातं. इटलीत २००६ साली याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. मूळव्याध असलेल्या लोकांना कॅप्सुलमधून कधी तिखट, कधी तिखट नसलेली दिखाऊ कॅप्सुल दिली आणि त्रास मोजला. फरक आढळला नाही. उलट नागपूरच्या एका शल्यचिकित्सकांनी फिशरची शस्त्रक्रिया झालेल्यांवर अशीच चाचणी घेतली, तेव्हा मिरची खाणाऱ्यांना आग आणि ठणका स्पष्टपणे जास्त झाला. हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात नाहीत. मूळव्याधीची गादी आतल्या, वेदना न जाणवणाऱ्या अस्तराखाली असते, फिशर म्हणजे बाहेरच्या, अतिशय हळव्या त्वचेला गेलेली चीर. चिरेवर तिखट झोंबणारच.

आणि खरी अडचण इथून सुरू होते. ‘खालचा’ कुठलाही त्रास घरात मूळव्याध म्हणूनच सांगितला जातो, त्यामुळे एका माणसाचा उपाय दुसऱ्याच्या वेगळ्याच आजाराला लावला जातो. ढोबळमानानं ओळख अशी : संडासच्या शेवटी किंवा नंतर दुखण्याविना टपटप लाल रक्त, कधी मऊ कोंब बाहेर येऊन आपोआप किंवा बोटानं आत जाणं, ही आतली मूळव्याध. काच चिरत गेल्यासारखी वेदना, नंतर तासभर राहणारी आग आणि कागदावर रक्ताची एखादी रेघ, हे फिशर. गुदद्वाराशेजारी फोडासारखं भोक, त्यातून वारंवार पू, चड्डीला डाग, पू साचला की ताप, हे भगंदर. भगंदर कुठल्याही आहारानं बुजत नाही. फिशर ताजं असेल तर मळ मऊ ठेवून, कोमट पाण्यात बसून बरंचसं भरून येतं. दीड-दोन महिने रेंगाळलं तर तिथल्या आकसलेल्या स्नायूला सैल करणारं मलम डॉक्टर देतात आणि बहुतेकांचं काम त्यावर होतं. मूळव्याधीचं म्हणून विकलं जाणारं मलम सहसा या कामाचं नसतं. शिवाय स्टिरॉइड असलेलं मलम आठवड्यापलीकडे स्वतःच्या मनानं लावत राहिलं तर कातडी पातळ होते, चिरा वाढतात.

चौथी शक्यता कर्करोगाची. फॉरवर्डमध्ये ती दोन टोकांनी येते. एक मेसेज म्हणतो, ‘मूळव्याधीकडे दुर्लक्ष केलंत तर कॅन्सर होईल, आजच हे चूर्ण सुरू करा.’ दुसरा म्हणतो, ‘रक्त म्हणजे उष्णता, घाबरू नका.’ दोन्ही चुकीचे आहेत. मूळव्याधीचं रूपांतर कर्करोगात होत नाही. पण गुदाशयाच्या कर्करोगातही सुरुवातीला असंच रक्त जातं आणि आपल्याकडे कित्येक रुग्णांचे पहिले काही महिने मूळव्याधीच्या औषधांवर जातात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आतच भरलं आहे, म्हणून ‘अजून वय कुठं झालंय’ हा दिलासा आपल्याला परवडणारा नाही.

हे कसं घडतं ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, ग्रुपवर एक बावन्न वर्षांचे काका आहेत. दिवाळीनंतर त्यांना संडासला रक्त दिसलं. त्यांनी दूध-लिंबू घेतलं, पाच दिवसांत रक्त थांबलं आणि ग्रुपवर तो मेसेज त्यांनीच पुन्हा टाकला. संक्रांतीच्या सुमारास नवा त्रास सुरू झाला : पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं, दरवेळी थोडंसंच, कधी नुसता शेंबडासारखा चिकट पदार्थ आणि रक्त. काकांनी याला बद्धकोष्ठता मानलं आणि रात्री एक चमचा चूर्ण सुरू केलं. जुलाब झाले, बरं वाटलं, पुन्हा तेच. होळीपर्यंत वजन चार किलो घटलं; ते चूर्णानं ‘चरबी झडल्याचं’ लक्षण ठरलं. जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटानं तपासणी केली. त्या तपासणीला मिनिटही लागत नाही. आत सहा सेंटिमीटरवर टणक, खडबडीत गाठ लागली. दुर्बिणीतून पाहताना तिथं मूळव्याधीच्या गाद्याही फुगलेल्या दिसल्या. म्हणजे काकांना मूळव्याध खरोखर होती. मूळव्याध सापडली म्हणून रक्ताचा स्रोत सापडला, असं होत नाही.

या उदाहरणात दूध-लिंबानं काही अपाय केला नाही, त्यानं वेळ खाल्ला. त्याहून मोठी चूक मधल्या टप्प्यावर झाली. पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं आणि तरी ‘साफ न होणं’ ही बद्धकोष्ठता नसून गुदाशयात काहीतरी अडून बसल्याची खूण होती. गाठ तिथं असली की गुदाशयाला ती मळच वाटते आणि ते सारखं बाहेर ढकलू पाहतं. रेचकानं ही भावना तासभर दबते. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये एखादीच गोष्ट सांगायला जागा असेल, तर मी ही सांगेन.

आता देवघरातला उपाय. पिकल्या केळ्याच्या तुकड्यात चण्याएवढा कापूर घालून न चावता गिळायचा. काही मेसेज हे एकदाच सांगतात, काही दिवसातून तीनदा. याला मी गमतीच्या यादीत ठेवणार नाही. कापूर पोटातून झपाट्यानं रक्तात जातो आणि मेंदूला चेतवतो. विषबाधा झाली तर काही मिनिटांपासून तास-दोन तासांत, अनेकदा आधी काही न जाणवता, थेट झटके येतात. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांचा नियम असा आहे की वजनाच्या दर किलोमागे तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त कापूर पोटात गेला असेल तर रुग्णालयात पाठवायचं. हिशेब मांडून पाहा. चण्याएवढा खडा साधारण पाव ग्रॅमच्या वर भरतो. साठ किलोच्या माणसाची सीमा एक ग्रॅम आठशे मिलिग्रॅम, म्हणजे एका खड्यानं त्याला बहुधा काही होणार नाही, आणि म्हणूनच ‘मी घेतला, मला काही झालं नाही’ सांगणारे भेटतात. दहा किलोच्या नातवाची सीमा तीनशे मिलिग्रॅम. आजोबांनी ताटलीत तयार ठेवलेला केळ्याचा तुकडा त्याच्या हाती लागला तर तो एकच त्याला त्या सीमेपर्यंत नेऊ शकतो. लहान मुलांत ग्रॅमभर कापरानं मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी कापराचं तेल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारातून हटवलं ते अशाच अपघातांमुळे. फेफऱ्याचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बाईला मोठ्या माणसाचीही सीमा लावता येत नाही. मुलानं कापूर खाल्ला असेल तर उलटी काढायचा प्रयत्न करू नये, कारण उलटी होता होता झटका आला तर ती श्वासनलिकेत जाते. सरळ रुग्णालय गाठावं.

बाहेरून लावायच्या उपायांत रुईचा चीक आणि चुना हे दोन वाईट. दोन्ही कातडी भाजतात, मोड ‘गळून पडला’ असं वाटतं आणि खाली जखम राहते. हीच गोष्ट पैसे घेऊन करणारेही असतात. ‘विना ऑपरेशन, एका इंजेक्शनमध्ये’ अशा पाट्या लावलेल्या खोल्यांत, पदवीचा पत्ता नसलेला माणूस मोडात कसलं तरी जळजळीत द्रव टोचतो. तो द्रव नेमका गादीत राहिला नाही तर आसपासचं मांस सडतं, जखम भरताना दार आकसतं आणि पुढं साधा मळही बाहेर पडेनासा होतो. असे रुग्ण सरकारी रुग्णालयांतल्या शल्यचिकित्सकांना परिचयाचे आहेत. गंमत म्हणजे शास्त्रशुद्ध उपचारातही इंजेक्शन आहे. पण त्यात औषध, मात्रा आणि जागा ठरलेली असते. ते वेदना न जाणवणाऱ्या आतल्या भागात दिलं जातं. तिथंच छोटं रबरी कडं चढवून गादीचा रक्तपुरवठा तोडण्याची रीतही आहे, तीत भूल द्यावी लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. आयुर्वेदातल्या क्षारसूत्राचं नाव या पाट्यांवर सर्रास वापरलं जातं, त्यामुळे तेही बदनाम होतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं भगंदरावर क्षारसूत्राची अनेक केंद्रांवर तुलनात्मक चाचणी घेतली, १९९१ मध्ये तिचे निष्कर्ष आले : शस्त्रक्रियेपेक्षा बरं व्हायला वेळ जास्त लागला, पण भगंदर उलटण्याचं प्रमाण कमी होतं. शिकलेल्या वैद्याच्या हातातलं क्षारसूत्र आणि पाटीवरचं क्षारसूत्र यांत फरक करायला हवा.

बद्धकोष्ठतेच्या फॉरवर्डमागे एक जुनी भीती आहे : पोट रोज साफ झालं नाही तर मळातलं विष रक्तात भिनतं आणि डोकेदुखीपासून संधिवातापर्यंत सगळं त्यातून होतं. ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही पटली होती. लंडनचे शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठतेसाठी माणसांचं अख्खं मोठं आतडं काढून टाकत. १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरनं एक साधा प्रश्न विचारला. शौचाला होताच डोकं क्षणात हलकं होतं. रक्तात विष असतं तर ते इतक्या झटकन कसं उतरेल? त्रास विषाचा नाही, तट्ट भरलेल्या गुदाशयाच्या ताणाचा आहे. पुढं कुणीतरी स्वयंसेवकांच्या गुदाशयात कापसाचे बोळे भरून तीच मरगळ, तीच डोकेदुखी निर्माण करून दाखवली आणि वाद मिटला. ‘आतड्याला चिकटलेला पाच किलो जुना मळ’ बाहेर काढणारं मीठ-पाणी, एप्सम सॉल्ट आणि ‘डिटॉक्स’ यांना त्यानंतर आधारच उरला नाही. मिठाच्या पाण्याचे तांबेच्या तांबे पिणं रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना उघड धोक्याचं आहे.

दिवसाला तीन वेळांपासून आठवड्याला तीन वेळांपर्यंत काहीही सर्वसाधारण असू शकतं. आकड्यापेक्षा मळ कसा आहे हे महत्त्वाचं : शेळीच्या लेंड्यांसारखे कडक खडे आणि कुंथावं लागणं ही बद्धकोष्ठता; दोन दिवसांनी का होईना, मऊ आणि सहज होणं ही नाही. अंगावर पिणारं बाळ तर पाच-सहा दिवस शी न करताही मजेत असू शकतं. त्याला विड्याच्या पानाचा देठ, साबणाची कांडी किंवा एरंडेलाचं बोट यांची गरज नसते, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही देऊ नये. पोट फुगलंय, हिरवी उलटी होतेय, दूध तोडलंय, असं असेल तर मात्र थांबू नये.

‘नैसर्गिक आहे, सवय लागत नाही’ असं ज्या चूर्णाच्या डब्यांवर लिहिलेलं असतं, त्यांतल्या बऱ्याच डब्यांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात सोनामुखी असते. सोनामुखी म्हणजे आतड्याच्या स्नायूंना चेतवणारं खरंखुरं रेचक. इंग्रजी औषधांच्या दुकानात तिच्याच अर्काच्या गोळ्या मिळतात. रात्री घेतलं की सहा ते बारा तासांत काम होतं. मी तिच्या विरोधात नाही. ती आतडं ‘कायमचं निकामी’ करते ही भीतीही आता जुनी झाली. आक्षेप दोन आहेत. चमचा मोजून घेतला जात नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला रोज पातळ जुलाब होऊन शरीरातलं पोटॅशियम उतरतं; लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आणखी उतरतं, मग पाय गळतात, हृदयाचे ठोके चुकतात. दुसरं, सोनामुखीनं आतडं एका झटक्यात रिकामं झालं की पुढचा मळ तयार व्हायला दोन-तीन दिवस लागणारच. माणूस दुसऱ्या दिवशी ‘आज झालंच नाही’ म्हणून पुन्हा चमचा घेतो. ज्याला सवय म्हणतात ती निम्मी इथं तयार होते.

घरातल्या मोठ्यांची बद्धकोष्ठता नव्यानं सुरू झाली असेल तर आधी गोळ्यांचा डबा उघडून पाहावा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलीन, ही सगळी मळ कोरडा करतात. थायरॉइड मंदावल्यानंही तेच होतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण डॉक्टरांना विचारायचं. यादी घेऊन गेलं की निम्मं काम होतं.

मग खरोखर उपयोग कशाचा? तंतूंचा, म्हणजे फायबरचा. हे उत्तर इतकं नीरस आहे की त्याचं फॉरवर्ड कधी होत नाही. मूळव्याध असलेल्या ३७८ लोकांवरच्या सात चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा तंतू घेणाऱ्यांत रक्तस्रावाचं आणि त्रास टिकून राहण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. मात्र त्या चाचण्या आठवड्यांच्या होत्या, तीन दिवसांच्या नाहीत. आपल्याकडे इसबगोल घरोघर असतं आणि बहुतेक घरांत ते चुकीचं घेतलं जातं : झोपताना एक चमचा, अर्ध्या कप पाण्यातून. चहाचे दोन चमचे म्हणजे जेमतेम साडेतीन ग्रॅम. फायदा दिसायला दिवसाला सातेक ग्रॅम तरी लागतात, म्हणजे दोन-दोन चमचे दोन वेळा, दरवेळी मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच पिऊन टाकायचं, वर आणखी पाणी. कोरडं तोंडात टाकायचं नाही, कारण ते घशात फुगून अडकू शकतं. आडवं व्हायच्या तोंडावर घ्यायचं नाही, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवायचं. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात पोट गुबारतं, म्हणून अर्ध्या मात्रेनं सुरुवात करावी.

ताटातूनही हे साधतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं बैठं काम करणाऱ्याला दिवसाला तीसेक ग्रॅम तंतू हवेत. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांतून दहा ग्रॅम मिळतात, वाटीभर मटकीच्या उसळीतून चार-पाच, एका पेरूतून पाचाच्या वर, पालेभाजीतून तीन. तेवढ्याच वजनाच्या पांढऱ्या तांदळातून तीन मिळत नाहीत आणि साबुदाण्यातून तर जवळजवळ शून्य. चातुर्मासात आणि नवरात्रात घरातल्या बायकांचा त्रास का वाढतो, याचं उत्तर एवढ्यात मिळावं. अंजीर, मनुका, आलुबुखार यांचे फॉरवर्ड खोटे नाहीत. त्यांत तंतू असतात, आणि आलुबुखारात सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थही असतो, तो आतड्यात पाणी ओढतो. आलुबुखारनं तर एका चाचणीत इसबगोलालाही मागं टाकलं. मधुमेह्यांनी मात्र मूठभर खाऊ नयेत. आणि नुसतं कोमट पाणी पीत राहणं? शरीरात पाणी कमी असेल तर फायदा, नसेल तर लघवी वाढते. तंतू वाढवले असताना पाणी वाढवणं मात्र आवश्यक आहे.

सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर मोठं आतडं आपोआप हलतं. ती वेळ साधावी. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट ठेवावा, म्हणजे गुडघे वर येतात आणि वाट सरळ होते. पाच मिनिटांत झालं नाही तर उठावं. मोबाइल बाहेर ठेवावा. बॉस्टनच्या एका रुग्णालयात १२५ लोकांची पाहणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत संडासात फोन नेणाऱ्यांत मूळव्याधीची शक्यता ४६ टक्क्यांनी जास्त आढळली. छोट्या पाहणीवरून फोन हेच कारण असं ठरत नाही, पण लोंबकळत बसून राहिलं की गाद्यांना खालून आधार नसतो एवढं नक्की. फॉरवर्ड वाचायची जागाही बहुधा तीच असते.

आता प्रत्यक्ष मेसेज. पाठवणारा वडीलधारा असेल तर त्याचं नाव न घेता, मूळ मेसेजला थेट उत्तर न जोडता, वेगळा टाकलेला बरा. मला हा मसुदा योग्य वाटतो :

‘सगळ्यांना नमस्कार. मूळव्याधीचे उपाय ग्रुपवर येतात, ते काळजीपोटीच येतात, म्हणून चार गोष्टी लिहितो. केळ्यातून कापूर कुणीही घेऊ नका. मुलांच्या हाती लागला तर झटके येतात. रुईचा चीक किंवा चुना लावू नका. दूध-लिंबानं अपाय नाही, पण उपायही नाही. रक्त चार दिवसांत तसंही थांबतं आणि परत येतं. घरी करायचं ते एवढंच : इसबगोल दोन चमचे दोन वेळा भरपूर पाण्यातून, भाकरी-उसळ-पालेभाजी, कुंथायचं नाही, कोमट पाण्यात दहा मिनिटं बसायचं. कुणाला रक्त पहिल्यांदाच दिसलं असेल, वय पंचेचाळीसच्या पुढं असेल, वजन घटत असेल, सारखं जावंसं वाटून साफ होत नसेल, रक्त काळपट किंवा मळात मिसळलेलं असेल, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर चूर्ण न घेता सर्जनकडून बोटानं आणि दुर्बिणीनं तपासून घ्या. खूप रक्त जाऊन चक्कर आली तर लगेच रुग्णालय. इथं लिहायला संकोच वाटत असेल तर मला वेगळा फोन करा, मी सोबत येतो.’

शेवटचं वाक्य बहुतेक लोक गाळतात, आणि फोन त्याच वाक्यामुळे येतात. तपासणी म्हणजे काय हे फोनवर सांगावं लागतं : कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, वंगण लावलेलं बोट, मग अंगठ्याएवढी नळी, सगळं मिळून पाच मिनिटं. फिशर असेल तर दुखतं, म्हणून तसं आधीच सांगावं, डॉक्टर बोट घालत नाहीत, नुसतं पाहतात. बाईंना बाई सर्जन हवी असेल तर नाव आधी शोधून ठेवावं.

मेसेज गेल्यावर तासाभरात एक प्रश्न हमखास येतो : मग ताक तरी चालेल ना? चालेल. चरकानं मूळव्याधीच्या प्रकरणात ताकाची भरभरून स्तुती केली आहे, आणि जेवताना दोन पेले ताक पोटात गेलं तर तेवढं पाणीही जातं. रक्तदाब असेल तर मीठ घालू नका.